२० मिलीमोलर फॉस्फेट बफरचा पीएच २.१५ का येत नाही? (ज्युनियरला लिहिलेली चिठ्ठी)

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. मी भोसरीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम बघते, हाताखाली चार मुलं आहेत. त्यातल्या सगळ्यात नव्या मुलाला गेल्या आठवड्यात एचपीएलसीसाठी २० मिलीमोलर फॉस्फेट बफर करायला सांगितला होता, पीएच २.१५. संध्याकाळी वहीवर सही करताना दिसलं की ॲसिड ठरल्यापेक्षा दुपटीहून जास्त गेलंय. शेजारी शेरा होता, "ॲसिडची बाटली जुनी, ताकद कमी. पीएच मीटरही संशयास्पद. नवीन इलेक्ट्रोड मागवावा."

बाटली ठीक होती आणि इलेक्ट्रोडही. चूक कागदावरच्या गणितात होती. मी त्याला एक चिठ्ठी लिहिली, ती खाली देतेय. माझे एक सहकारी म्हणतात, एवढं लिहायची गरजच नव्हती, मीटर लावायचा आणि मोकळं व्हायचं. तुम्हाला काय वाटतं? चिठ्ठीत काही चुकलं असेल तर तेही सांगा, कारण पुढच्या मुलांनाही हीच देणार आहे.

चिठ्ठी:

"तू हिशेब असा केलास. फॉस्फोरिक ॲसिडचा पहिला पीकेए २.१५. आपल्यालाही २.१५ हवा, म्हणजे ॲसिड आणि मीठ समसमान. म्हणून एका लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.३६ ग्रॅम, म्हणजे १० मिलीमोल, आणि ८५ टक्क्यांचं ॲसिड ०.६८ मिली, म्हणजे तेही १० मिलीमोल. मीटरने २.४४ दाखवलं. तू पुन्हा कॅलिब्रेट केलंस, पुन्हा तेच. मग २.१५ येईपर्यंत ॲसिड घालत राहिलास आणि एकूण १.६५ मिली गेलं.

आता एक कर. तुझंच उत्तर खरं मानून बघ. पीएच २.१५ म्हणजे द्रावणात ७.१ मिलीमोलर हायड्रोजन आयन. ते आले कुठून? पाण्यातून नाही, मिठातूनही नाही. ॲसिडचे रेणू फुटले तेव्हा ते सुटले. तू ॲसिड घातलंस १० मिलीमोलर. त्यातलं ७.१ फुटलं असेल तर उरलं २.९. आणि फुटलेला प्रत्येक रेणू डायहायड्रोजन फॉस्फेटच होतो, म्हणजे तिकडे १० चे झाले १७.१. मग समसमान कुठे राहिलं? तुझं उत्तर तुझ्याच गृहीतकाला खोटं पाडतंय.

सूत्रात काही दोष नाही. त्यात समतोलानंतरची प्रमाणं घालायची असतात आणि तू बाटलीतून घातलेली घातलीस. ॲसिटेट बफरमध्ये या दोन्हींत काही फरक पडत नाही, कारण ॲसिटिक ॲसिडचे हजारात जेमतेम एक-दोन रेणू फुटतात. कॉलेजात आपण सगळे तेच शिकतो आणि तीच सवय हाताला राहते. फॉस्फोरिकचा पहिला प्रोटॉन मात्र सैल आहे. त्याचा स्थिरांक ०.००७१ आणि तुझी प्रमाणं ०.०१. एकाच मापाच्या दोन गोष्टींत एकीला 'नगण्य' म्हणता येत नाही.

फुटलेल्या ॲसिडला x म्हण. उरलेलं ॲसिड 0.010 − x, झालेलं मीठ 0.010 + x, आणि हायड्रोजन आयन x.

```
x(0.010 + x)/(0.010 − x) = 0.0071
x² + 0.0171x − 0.000071 = 0
x = 0.00345     pH = 2.46
```

मीटर २.४४ सांगत होता. म्हणजे तो बरोबर होता.

पडताळा घे. उरलेलं ॲसिड ६.५५, मीठ १३.४५. गुणोत्तर २.०५, त्याचा लॉग ०.३१. २.१५ मध्ये ०.३१ मिळव. तेच जुनं सूत्र आता बरोबर उत्तर देतं, कारण आकडे खरे घातले.

आणि २.१५ हवाच असेल तर? तेव्हा x म्हणजे ०.००७१ हे ठरलेलंच आहे. ॲसिडमधून ७.१ वजा आणि मिठात ७.१ अधिक करून दोन्ही सारखे व्हायला हवेत. म्हणजे सुरुवातीला ॲसिड मिठापेक्षा १४.२ ने जास्त हवं. एकूण २० ठेवायचं तर ॲसिड १७.१ आणि मीठ २.९. तू मीठ १० तसंच ठेवून ॲसिड २४.२ पर्यंत नेलंस. पीएच मिळाला, पण बफर २० चा राहिला नाही, ३४ चा झाला. बाटलीवर लेबल मात्र २० चं लागलं. म्हणून तो बफर ओतून द्यायला सांगितला, राग नव्हता."

भोसरीकर

ताई, चिठ्ठी छान आहे, पण मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूचा. बावीस वर्षं क्यूसीत काढली. आमच्या पद्धतीत लिहिलेलंच असतं, मीठ अमुक ग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवा, पातळ ऑर्थोफॉस्फोरिक ॲसिडने पीएच तमुक करा. गणित शून्य. पीएच मोजायला यंत्र आहे, मग पीएच काढायला वर्गसमीकरण कशाला? शिवाय साध्या सी-१८ कॉलमला २ च्या खाली नेऊ नका म्हणतात, तेव्हा २.१५ म्हणजे काठावरच चाललाय तुम्ही. २.५ घ्या, सुखी व्हा.

मृण्मयी_जे

भोसरीकर काका, तुमच्या पद्धतीत मीठ ठरलेलं आणि ॲसिड लागेल तेवढं, म्हणजे एकूण फॉस्फेट किती झालं हे तुम्ही कधी मोजतच नाही. रोज त्याच पीएचला तसंच केलं तर रोज तेवढंच होतं, म्हणून चालून जातं. प्रयोगवहीताईंच्या मुलाला एकूण २० हवं होतं. प्रश्नच वेगळा आहे.

मी कॉलेजात शिकवते. चिठ्ठीतला "तुझंच उत्तर खरं मानून बघ" हा भाग मला सगळ्यात आवडला. आम्ही मुलांना पाच टक्क्यांचा नियम सांगतो. आधी अंदाजे सूत्राने हायड्रोजन आयन काढा आणि तो ॲसिड किंवा मीठ यांतल्या लहान आकड्याच्या पाच टक्क्यांहून मोठा निघाला तर वर्गसमीकरण सोडवा. इथे तो ७१ टक्के आहे! पण परीक्षेत आम्ही सगळी गणितं ॲसिटेटची आणि अमोनियाची देतो, त्यामुळे नियम वापरायची वेळच येत नाही. मुलं नियम पाठ करतात आणि तपासणी विसरतात. यात मुलाइतकीच आमचीही जबाबदारी आहे.

श्रीरंग

मला वाटतं बाटलीचा मुद्दा इतक्या लवकर सोडू नये. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड पाकासारखं घट्ट असतं. मायक्रोपिपेटने ०.६८ मिली ओढलं की टिपच्या आत थर चिकटून राहतो. आमच्याकडे वजन करून पाहिलं होतं, दहा टक्क्यांपर्यंत कमी पडायचं. ॲसिड कमी पडलं तर पीएच वर जाणारच. कदाचित २.१५ च्या जागी २.४४ येण्याचं खरं कारण हेच असेल.

प्रयोगवही

@श्रीरंग, घट्टपणाचा मुद्दा अगदी खरा आहे. ते वजनानेच घ्यायला हवं, हे चिठ्ठीत घालते. पण दहा टक्के कमी पडलं असं धरून तेच समीकरण सोडवलं. ॲसिड ९, मीठ १०. पीएच येतो २.५०. म्हणजे पूर्ण मापाने ॲसिड गेलं असतं तर २.४६, दहा टक्के कमी गेलं तर २.५०. फरक चार शतांशांचा. कागदावरचा २.१५ आणि मीटरवरचा २.४४ यांतली दरी त्याने भरत नाही. पिपेटने दरी भरायची तर जवळजवळ अर्धं ॲसिड टिपमध्ये अडकायला हवं, आणि ते डोळ्यांना दिसलं असतं. मुळात २.१५ हा आकडाच या मिश्रणाचा नाही.

@भोसरीकर काका, २.५ घेऊन चालत नाही कारण आमचा पदार्थ ॲस्पिरिनच्या गोळीतलं मोकळं सॅलिसिलिक ॲसिड आहे. त्याचा पीकेए साधारण ३. पीएच २.१५ असला तर त्यातलं १२ टक्के आयन रूपात असतं, २.४६ ला २२ टक्के. आयन झालेला भाग कॉलमवर थांबत नाही, म्हणून पीक पुढे सरकतं. शेजारच्या पीकपासून अंतर आधीच कमी आहे. ॲसेटोनायट्राइल घातल्यावर हे आकडे थोडे बदलतात हे मान्य, पण दिशा तीच राहते.

वैद्य_सुनील

आमच्या लॅबमध्येही हाच प्रॉब्लेम आहे. ट्रिस बफर सकाळी ८.० ला सेट करतो आणि दुपारी ७.८ निघतो. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की अजून खाली. मग आम्हालाही वर्गसमीकरण वापरावं लागेल का?

मृण्मयी_जे

नाही हो सुनीलजी, तुमचं दुखणं वेगळं. ट्रिसचा पीकेए तापमानाबरोबर सरकतो, एका अंशाला सुमारे ०.०२८. सकाळी २४ आणि दुपारी ३१ असेल तर ०.२ तिथेच गेले. तुमच्या बफरमध्ये हायड्रोजन आयन नॅनोमोलरमध्ये आणि ट्रिस मिलीमोलरमध्ये. तिथे अंदाजे सूत्र आणि अचूक समीकरण यांच्या उत्तरात तुमच्या मीटरला दिसेल असा फरक येत नाही. ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला सेट करा.

वैद्य_सुनील

अरे वा. २४ आणि ३१ हे आकडे कसे ओळखलेत? साधारण तसंच असतं. धन्यवाद.

अथर्व_हिंजवडी

मी रसायनवाला नाही, कोड लिहितो, पण धागा वाचून राहवलं नाही. वर्गसमीकरण टाळायचं असेल तर फेऱ्या मारा ना. पहिलं उत्तर ७.१, ते परत सूत्रात घाला, नवीन उत्तर घ्या, दोन-तीन फेऱ्यांत जमतं. आम्ही बारावीला असंच करायचो.

प्रयोगवही

करून बघा अथर्व. मी आत्ताच केलं. ७.१, मग १.२, मग ५.६, मग २.०, मग ४.७, मग २.५. खऱ्या ३.४५ च्या दोन्ही बाजूंना झोके घेतंय आणि अगदी सावकाश आत येतंय. दोन फेऱ्यांवर थांबलात तर ५.६ मिळेल, म्हणजे पीएच २.२५. तेही चूकच.

अथर्व_हिंजवडी

खरंच की! स्थिरांक प्रमाणांच्या जवळ असला की असं होणार हे लक्षात यायला हवं होतं. पण प्रत्येक वेळी जुनं आणि नवं उत्तर यांची सरासरी घेतली तर? ७.१ आणि १.२ ची सरासरी ४.१५. ते घातलं की २.९४, सरासरी ३.५४. पुन्हा घातलं की ३.३९, सरासरी ३.४६. तीन फेऱ्यांत पोचलो.

मृण्मयी_जे

जमलं. पण तोवर वर्गसमीकरण सुटलंही असतं :)

अथर्व_हिंजवडी

हो, मान्य. मात्र वर्गसमीकरणातही एक खड्डा आहे, तो सांगतो कारण ज्युनियर कॅल्क्युलेटरवर करणार. ॲसिटेटचं उदाहरण घेतलं, १० आणि १० मिलीमोलर, स्थिरांक 0.0000175. वर्गमूळ येतं 0.010052 आणि त्यातून वजा करायचं 0.010018. दोन जवळजवळ सारखे आकडे. मध्येच चार सार्थ अंकांवर गोल केलं तर 0.01005 − 0.01002, निम्मं 0.000015, पीएच ४.८२. खरं उत्तर ४.७६, आणि साध्या सूत्रानेही ४.७६ च येतं. म्हणजे घाईने सोडवलेलं 'अचूक' समीकरण अंदाजापेक्षा वाईट ठरलं. उपाय सोपा, वजाबाकी टाळणारं रूप वापरायचं. एक्सेलमध्ये B1 ला ॲसिड, B2 ला मीठ, B3 ला स्थिरांक, तिन्ही मोलरमध्ये:

```
=2*B3*B1/((B2+B3)+SQRT((B2+B3)^2+4*B3*B1))
```

उत्तर तेच, पण इथे फक्त बेरीज आहे, त्यामुळे अंक गळत नाहीत.

प्रयोगवही

हे फार कामाचं आहे. आमच्या फाइलमध्ये घातलंसुद्धा. ०.०१, ०.०१, ०.००७१ टाकून ०.००३४५ आलं.

भोसरीकर

बरं, एकूण फॉस्फेटचा मुद्दा मला पटला. बाटलीवर २० लिहून आत ३४ असेल तर ते चूकच, मग पीएच कितीही बरोबर असो. पण एक प्रश्न. त्या पोराने मीटर कॅलिब्रेट कशावर केला? ४ आणि ७ वर ना?

प्रयोगवही

हो. ४.०१ आणि ७.००.

भोसरीकर

मग मीटरवर शंका घेतली यात त्याचं सगळंच चुकलं नाही. मोजायचंय २.४ च्या आसपास आणि दोन्ही खुणा त्याच्या वर. कॅलिब्रेशनचे बफर मोजायच्या पीएचच्या दोन्ही बाजूंना हवेत, हे आमच्याकडे ऑडिटवाले पहिल्यांदा बघतात. १.६८ चा टेट्राऑक्झलेट आणि ४.०१ घ्या. चिठ्ठीत "मीटर बरोबर होता" लिहिलंय, ते तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं. गणिताशी जुळलं म्हणून बरोबर म्हणालात.

प्रयोगवही

काका, हे मान्यच करायला हवं. उद्या १.६८ वर लावून परत मोजते.

पाषाणचे_काका

उशिरा आलो. निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून सगळे प्रतिसाद वाचले. चिठ्ठी चांगली आहे, फक्त 'अचूक' हा शब्द जपून वापरावा. तुम्ही दुसरा प्रोटॉन सोडून दिलाय आणि पाण्याचं विघटनही सोडलंय. ते इथे योग्यच आहे, दुसऱ्या प्रोटॉनमधून येणारा हिस्सा इतका लहान आहे की पीएचच्या तिसऱ्या दशांशालाही धक्का लागत नाही. पण एक गोष्ट राहिली. मीटर प्रमाण मोजत नाही, सक्रियता मोजतो. आयनांच्या गर्दीत प्रत्येक आयन थोडा कमी परिणामकारक होतो.

तुमच्या द्रावणाची आयनिक तीव्रता सुमारे ०.०१३. डेव्हिसच्या समीकरणाने सक्रियता गुणांक ०.८९ येतो. तो धरून तेच वर्गसमीकरण पुन्हा सोडवलं. आयनांची गर्दी ॲसिडला जास्त फुटायला लावते, x वाढून ३.९२ होतो. पण मीटरला दिसतात त्याच्या ०.८९ पट, म्हणजे ३.४९. पीएच पुन्हा २.४६! दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. म्हणून तुमची चिठ्ठी या प्रमाणांना तंतोतंत जुळते.

आता हेच १०० आणि १०० मिलीमोलरला करा. साधं सूत्र म्हणतं २.१५. तुमचं वर्गसमीकरण म्हणतं २.२०. सक्रियता धरली की २.१२ च्या आसपास. म्हणजे तिथे अडाणी उत्तर तुमच्या अचूक उत्तरापेक्षा सत्याच्या जवळ पडतं. कोणी एखाद्या दिवशी तसा बफर केला, मीटर २.१३ दाखवला, तर तो म्हणेल, बघा, वर्गसमीकरणाची गरजच नव्हती. आणि त्याला खोडून काढायला तुमच्या चिठ्ठीत काही नाही.

मृण्मयी_जे

काका, हे मी उद्या वर्गात करून घेते. म्हणजे घट्ट बफरमध्ये वर्गसमीकरणाची दुरुस्ती लहान होते आणि सक्रियतेची मोठी, शिवाय दोन्ही विरुद्ध दिशांना?

पाषाणचे_काका

बरोबर. पातळ करत गेलात तर पहिली मोठी, दाट करत गेलात तर दुसरी. डेव्हिस समीकरणही ०.१ च्या पुढे मला फारसं विश्वासाचं वाटत नाही, तेव्हा माझा २.१२ हा आकडाही 'साधारण' म्हणूनच घ्या.

जाता जाता, हे सूत्र इतकं रुजलं कसं तेही बघा. हेंडरसनने १९०८ मध्ये ते रक्तातल्या कार्बॉनिक ॲसिडसाठी मांडलं, नंतर हॅसलबाखने लॉगच्या रूपात लिहिलं. रक्तात बायकार्बोनेट सुमारे २४ मिलीमोलर आणि हायड्रोजन आयन ४० नॅनोमोलर. सहा लाख पटींचा फरक. तिथे x सोडून देणं ही चूक नव्हतीच. आपण ते रक्तातून उचलून पीएच २ ला आणलं.

श्रीरंग

सहा लाख पट आणि इथे तिप्पटसुद्धा नाही. आता माझ्या डोक्यात बसलं. पिपेटचा मुद्दा मागे घेतो, पण वजनाने घ्या हे मागे घेत नाही.

प्रयोगवही

आजचं सांगते. १.६८ आणि ४.०१ वर मीटर लावला, तापमान २५. ॲसिड दोन्ही वेळा वजनाने घेतलं. समसमान १०-१० चा बफर २.४७ आला. १७.१ आणि २.९ चा बफर २.१७. दुसऱ्याला पाषाणच्या काकांची सक्रियता लावून पाहिली तर २.१६ यायला हवा होता. दोन्ही मीटरच्या चुकीच्या मर्यादेत. मुलाने स्वतः केलं, मी फक्त शेजारी उभी होते. त्याने पहिल्या बफरचं रीडिंग घ्यायच्या आधी कागदावर २.४६ लिहून ठेवलं होतं.

चिठ्ठीत तीन गोष्टी बदलल्या. "मीटर बरोबर होता" काढून कॅलिब्रेशनची ओळ घातली. ॲसिड वजनाने, हे घातलं. आणि शेवटी लिहिलं की हे समीकरण आपल्या १० ते २० मिलीमोलरच्या बफरला पुरतं, ५० च्या पुढे सक्रियता धरल्याशिवाय कागदावरच्या आकड्यावर दुसऱ्या दशांशापर्यंत विसंबू नये.

भोसरीकर

५० ही रेघ कुठून आणली?

प्रयोगवही

अंदाजाने, काका. १०-१० ला दोन्ही परिणाम कटतात आणि १००-१०० ला कटत नाहीत एवढंच हातात आहे. मधल्या प्रमाणांना करून बघायला हवं.

पाषाणचे_काका

२० आणि ५० ला मी करून टाकतो इथे, उद्यापर्यंत. तुम्ही मोजूनही बघा, म्हणजे डेव्हिसचीही परीक्षा होईल.

भोसरीकर

मी रोज गणित करणार नाही हे आजही सांगतो. पण नवीन पद्धत लिहिताना मीठ किती आणि ॲसिड किती हे आधी या एक्सेलमध्ये काढीन, आणि मीटर त्याच्या जवळ आला नाही तर थांबेन. आत्तापर्यंत थांबायला माझ्याकडे काही नव्हतं, येईल तिथपर्यंत ओतत राहायचो.

निशा_कोथरूड

सायट्रेट बफरलाही हेच समीकरण चालेल का? आम्ही ३.० ला १० मिलीमोलर वापरतो.

मृण्मयी_जे

३.० ला साधं सूत्र नक्कीच घसरेल, हायड्रोजन आयन १ मिलीमोलर म्हणजे तुमच्या एकूण सायट्रेटच्या दहा टक्के झाले. वर्गसमीकरण बरंच जवळ नेईल. पण सायट्रिकचे तिन्ही पीकेए जवळजवळ आहेत, ३.१, ४.८ आणि ६.४. त्यामुळे फॉस्फेटसारखा दुसरा प्रोटॉन डोळे मिटून सोडता येत नाही. ३.० ला एक-दोन टक्के चालून जातं, ४ च्या पुढे गेलात तर सगळ्या आयनांच्या भारांचा ताळा मांडून सोडवावं लागेल. तुमचं मीठ कोणतं आहे, मोनोसोडियम की ट्रायसोडियम? त्यावर मांडणी बदलेल.

निशा_कोथरूड

ट्रायसोडियम. आणि सायट्रिक ॲसिडने खाली आणतो. एकूण किती होतं ते आम्हीही कधी पाहिलेलं नाही. उद्या वही काढते.